‘लक्षणीय’ या शब्दाचे दोन अर्थ : अहवालातील आकडे आणि त्यांची विशेषणे

संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या देवरूखसारख्या गावी पंचायत समितीच्या सभेपुढे वर्षभरात अनेक अहवाल येतात. शाळांची पटसंख्या, भाताचे उत्पादन, लसीकरण, पाणीपुरवठा असे त्यांचे विषय निरनिराळे असतात. परंतु एक शब्द त्या सर्वांत हमखास भेटतो. तो शब्द म्हणजे ‘लक्षणीय’. पटसंख्येत लक्षणीय वाढ झाली, रोगाच्या प्रादुर्भावात लक्षणीय घट झाली, दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, अशी वाक्ये वाचणाऱ्याच्या सवयीची झालेली असतात. सवयीमुळेच या तीन वाक्यांत एकच शब्द दोन वेगळ्या अर्थांनी आला असण्याचा संभव आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

पहिला अर्थ रोजच्या भाषेतला आहे. जे लक्षात घेण्याजोगे, ते लक्षणीय. दुसरा अर्थ संख्याशास्त्राचा आहे. इंग्रजीतील ‘सिग्निफिकंट’ या पारिभाषिक शब्दासाठी मराठीत कोणी ‘लक्षणीय’ हा शब्द योजतात, तर कोणी ‘सार्थ’. एखादा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय आहे, असे म्हणताना तो मोठा आहे, महत्त्वाचा आहे किंवा उपयोगाचा आहे, यांपैकी काहीही म्हणावयाचे नसते. फक्त एवढेच म्हणावयाचे असते, की मुळात काही फरक नसता आणि केवळ योगायोगाचा खेळ असता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक हाती येणे विरळ होते.

हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले म्हणजे चुकीचे निर्णय होतात. निरुपयोगी योजना ‘लक्षणीय’ ठरून पुढे रेटली जाते आणि उपयोगी ठरू शकेल अशी योजना ‘लक्षणीय नाही’ म्हणून बंद पडते. म्हणूनच उल्लेखनीय, भरीव, किरकोळ आणि अर्थपूर्ण हे चार साधे शब्द त्या पारिभाषिक शब्दापासून वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. हा भेद समजून घेण्यासाठी महाराष्ट्रातच झालेला एक प्रयोग फार उपयोगी पडतो.

पुण्यातील कुंडल्यांची चाचणी

ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील प्रा. सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे जाणकार चिकित्सक श्री. प्रकाश घाटपांडे यांच्या सहकार्याने फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. तिचा निष्कर्ष २००८ मध्ये जाहीर झाला आणि २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यावरील लेख प्रसिद्ध झाला.

चाचणीची योजना सरळ होती. शंभर हुशार मुले आणि शंभर बौद्धिक दिव्यांग मुले यांच्या जन्मवेळांवरून दोनशे कुंडल्या तयार करण्यात आल्या. त्यांतून यादृच्छिक रीतीने निवडलेल्या चाळीस कुंडल्या प्रत्येक ज्योतिषाकडे पाठवायच्या आणि कोणती कुंडली हुशार मुलाची व कोणती दुसऱ्या गटातील मुलाची, एवढेच त्याने सांगायचे. कोणतेही उत्तर दोहोंपैकी एकच असल्यामुळे नुसती नाणेफेक करून उत्तरे दिली, तरी चाळीसांपैकी सुमारे वीस बरोबर येणार हे उघड आहे. एक्कावन्न ज्योतिषांनी कुंडल्या मागवल्या. त्यांपैकी सत्तावीस जणांनी उत्तरे परत पाठवली. सर्वांत यशस्वी ठरलेल्या ज्योतिषाची चोवीस उत्तरे बरोबर होती. सर्वांची मिळून सरासरी शेकडा ४६ एवढी आली. याशिवाय एका संस्थेने सर्व दोनशे कुंडल्या तपासल्या; तिची १०२ उत्तरे बरोबर ठरली.

या निकालात तीन आकडे आहेत : चाळीसांत चोवीस, दोनशेत एकशे दोन आणि शेकडा सेहेचाळीस. प्रत्येकासाठी कोणते विशेषण योग्य ठरते, हे क्रमाने पाहू.

उल्लेखनीय, पण योगायोगाच्या आवाक्यातले

चाळीसांपैकी चोवीस म्हणजे शेकडा साठ. सत्तावीस जणांत ही कामगिरी सर्वांत वरची. तिचा उल्लेख अहवालात झालाच पाहिजे. या अर्थाने ती उल्लेखनीय आहे. परंतु तिच्यामागे काही विद्या आहे काय, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर हिशेबाने मिळते.

चाळीस वेळा नाणे उडवले, तर छापे बरोबर वीसच पडतील असे नाही. कधी सतरा पडतील, कधी बावीस. या चढउताराचे एक माप आहे. त्याला प्रमाण विचलन म्हणतात. चाळीस नाणेफेकींसाठी ते सुमारे ३.२ येते. सर्वसाधारणपणे सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक प्रमाण विचलनापर्यंतचा फरक ही नित्याची गोष्ट असते आणि दोन प्रमाण विचलनांपलीकडचा फरक वीसांत एखाद्याच वेळी दिसतो. चोवीस हा आकडा वीसापासून चारने दूर आहे. म्हणजे जेमतेम सव्वा प्रमाण विचलन. केवळ नाणे उडवणाऱ्यालाही चोवीस किंवा अधिक बरोबर उत्तरे शंभरात सुमारे तेरा वेळा मिळतील.

एवढ्यावरच हिशेब संपत नाही. येथे एक माणूस नाणे उडवत नव्हता, सत्तावीस जण उत्तरे देत होते. शंभरात तेरा हे प्रमाण सत्तावीस जणांना लावले, तर त्यांच्यातील तीन-चार जणांचे यश निव्वळ नशिबाने चोवीस किंवा त्याहून वर जाणे अपेक्षित होते. तेव्हा सर्वांत वरचा आकडा चोवीसवर थांबला, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. एखाद्याने अठ्ठावीस उत्तरे बरोबर दिली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती. कारण नाणेफेकीने तेवढे यश मिळण्याचा संभव शंभरात एकाहूनही कमी आहे. अर्थात तेव्हाही सत्तावीस स्पर्धकांपैकी कोणा एकाला ते लाभण्याचा संभव सुमारे पाचात एक एवढा राहतोच, याचे भान ठेवावे लागले असते.

यावरून पहिला धडा मिळतो. ‘उल्लेखनीय’ हा शब्द तुलनेचा आहे. गटात सर्वांत वर, अपेक्षेपेक्षा निराळे, नजरेत भरणारे, असे काही दिसले की तो वापरता येतो. परंतु अनेकांतून एक वरचा निवडला, की तो वर दिसणारच. तालुक्यातील शंभर शाळांत एखादी पहिली येणारच आणि एखादी शेवटची. तिचे पहिले येणे नमूद करावे. मात्र त्यामागे कारण आहे, असे त्या क्रमांकावरूनच ठरवू नये.

किरकोळ या शब्दाचे घोटाळे

संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली. दोनशेतून शंभर अपेक्षित होती. म्हणजे दोन जास्त. दोनशे नाणेफेकींचे प्रमाण विचलन सुमारे सात येते. दोनचा फरक त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. प्रचलित कसोटीप्रमाणे योगायोगापलीकडचा म्हणून गणला जाण्यासाठी हा आकडा ११४ च्या आसपास जावयास हवा होता. हा फरक परिमाणाने किरकोळ आहे आणि संख्याशास्त्रीय दृष्ट्याही काही सुचवीत नाही. दोन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या, म्हणून त्या एकच आहेत असे मात्र समजू नये.

‘मार्जिनल’ या इंग्रजी शब्दामुळे हा गोंधळ वाढतो. शासकीय व्यवहारात त्याचे निदान तीन अर्थ रूढ आहेत. एक हेक्टरपर्यंत जमीन असणारा तो सीमांत शेतकरी. येथे शब्दाला ठरलेली व्याख्या आहे. जनगणनेत वर्षातून सहा महिन्यांहून कमी काळ काम मिळालेला तो सीमांतिक कामगार. येथेही व्याख्या आहे. आणि ‘मार्जिनल वाढ’ म्हणजे थोडीशी वाढ. येथे व्याख्या नाही, लिहिणाऱ्याचा अंदाज आहे.

यात संशोधनाच्या अहवालांनी चौथ्या अर्थाची भर घातली आहे. योगायोगाची शक्यता शंभरात पाचहून कमी असेल, तर फरक ‘सिग्निफिकंट’ मानावयाचा अशी प्रथा आहे. ती शंभरात सहा किंवा सात आली, तर काही लेखक ‘मार्जिनली सिग्निफिकंट’ असे लिहितात. त्याचे ‘किरकोळ फरक आढळला’ असे भाषांतर झाले, की अर्थाचा अनर्थ होतो. कारण तेथे किरकोळ आहे तो फरक नव्हे. काठावर आहे तो पुरावा. फरक स्वतः बराच मोठाही असू शकतो. अशा वेळी ‘पुरावा काठावरचा आहे’ असे लिहावे, योगायोगाची शक्यता आकड्यात द्यावी आणि ‘किरकोळ’ हा शब्द परिमाणासाठी राखून ठेवावा.

शेकडा सेहेचाळीस : एक सापळा

तिसरा आकडा सर्वांत बोधप्रद आहे. सत्तावीस जणांची प्रत्येकी चाळीस, अशी एकूण १,०८० उत्तरे झाली. त्यांच्या शेकडा ४६ म्हणजे सुमारे ४९७ बरोबर. निव्वळ नाणेफेकीने ५४० अपेक्षित होती. तूट ४३ उत्तरांची. एवढ्या नाणेफेकींचे प्रमाण विचलन सुमारे १६.४ येते, म्हणजे ही तूट अडीच प्रमाण विचलनांहून अधिक झाली. रूढ कसोटी यांत्रिकपणे लावली, तर हा फरक ‘लक्षणीय’ ठरतो. त्याचा शब्दशः अर्थ असा होईल, की ज्योतिष सांगतात त्याच्या उलट धरून चालले, तर थोडा फायदा होईल!

चूक कोठे आहे, ते शोधण्यासारखे आहे. १,०८० ही उत्तरांची संख्या आहे, कुंडल्यांची नव्हे. कुंडल्या दोनशेच होत्या. तेव्हा एकेक कुंडली सरासरीने पाचांहून अधिक ज्योतिषांच्या हाती गेली. हे सर्व जण कमीअधिक प्रमाणात त्याच परंपरेतील नियम वापरणारे. एखादी कुंडली एकाला फसवी वाटली, तर ती इतरांनाही फसवण्याचा संभव मोठा. म्हणजे ही १,०८० उत्तरे परस्परांपासून स्वतंत्र नव्हेत आणि नाणेफेकीचा हिशेब तर प्रत्येक फेक स्वतंत्र असल्याच्या गृहीतावर उभा असतो.

टोकाची कल्पना करून पाहू. एकाच कुंडलीवर सर्वांचे मत नेहमीच सारखे पडते असे धरले, तर खऱ्या अर्थाने स्वतंत्र अशी दोनशेच उत्तरे उरतात. त्यांच्या शेकडा ४६ म्हणजे ९२, तूट आठाची. दोनशेचे प्रमाण विचलन सात. आठाची तूट मग अगदी सामान्य ठरते. सत्य या दोन टोकांच्या मधे कोठेतरी आहे. म्हणूनच शेकडा ४६ या आकड्याचा रास्त अर्थ ‘नाणेफेकीहून सरस नाही’ एवढाच घ्यावा लागतो.

हा सापळा अहवाल लिहिणाऱ्यांना नवा नाही. एका वाडीतील साठ घरांना एकाच विहिरीचे पाणी मिळते. तेथील साठ कुटुंबांत पोटाचे विकार दिसले, तर ते साठ स्वतंत्र पुरावे नसतात. बहुतांशी तो एका विहिरीचा पुरावा असतो. एका शिक्षकाच्या वर्गातील चाळीस मुलांचे गुण म्हणजे त्या शिक्षकाच्या पद्धतीविषयीचे चाळीस स्वतंत्र दाखले नव्हेत. ‘फरक लक्षणीय आहे’ हे वाक्य समोर आले, की मोजलेले घटक खरोखर किती स्वतंत्र होते, हा पहिला प्रश्न विचारावा.

भरीव आणि अर्थपूर्ण : मोजमाप आणि उपयोग

आता एक कल्पित उदाहरण घेऊ; यातील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी आहेत. देवरूख परिसरातील काही शाळांत वाचनाची नवी पद्धती सुरू केली आहे आणि वर्षाअखेर शंभर गुणांची चाचणी घेतली आहे, असे समजा. मुलांच्या गुणांत आपापसांत जो चढउतार असतो, त्याचे प्रमाण विचलन पंधरा गुण धरू. मुले परस्परांपासून स्वतंत्र आहेत, असेही तूर्त मानू.

पहिल्या वेळी नव्या पद्धतीची सोळा आणि जुन्या पद्धतीची सोळा मुले तपासली. नव्या गटाची सरासरी सहा गुणांनी अधिक आली. दोन सरासऱ्यांतील फरकाची स्वतःची एक अनिश्चितता असते. तिला प्रमाण त्रुटी म्हणतात. गटातील संख्या वाढली, की ती कमी होते. येथे ती सुमारे ५.३ गुण येते. सहा हा फरक तिच्या दुपटीहून पुष्कळ कमी असल्याने कसोटीनुसार तो ‘लक्षणीय नाही’.

दुसऱ्या वेळी हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. प्रत्येक गटात दहा हजार मुले घेतली. या वेळी सरासरीतील फरक अर्ध्या गुणाचा आला. प्रमाण त्रुटी मात्र केवळ ०.२१ गुण. अर्धा गुण तिच्या दुपटीहून जास्त. म्हणून हा फरक ‘लक्षणीय’ ठरतो.

एका वाक्यात अहवाल लिहिला, तर पहिल्या प्रयोगासाठी ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ आणि दुसऱ्यासाठी ‘लक्षणीय वाढ झाली’ असे लिहिले जाईल. वाचणारा सदस्य त्यावरून दुसरा प्रयोग यशस्वी आणि पहिला अयशस्वी समजेल. प्रत्यक्षात शंभरात अर्धा गुण वाढल्याने कोणत्याही मुलाच्या वाचनात पालकाला किंवा शिक्षकाला जाणवेल असा फरक पडत नाही. उलट सहा गुणांची वाढ खरी असेल, तर ती भरीव आहे.

याचे उत्तर नुसत्या विशेषणात नाही. फरकाबरोबर त्याची मर्यादा सांगण्यात आहे. प्रमाण त्रुटीच्या सुमारे दुपटीएवढे अंतर फरकाच्या दोन्ही बाजूंना घेतले, की खरा फरक कोणत्या पट्ट्यात असण्याशी हाती आलेली माहिती जुळते, ते कळते. पहिल्या प्रयोगात हा पट्टा साडेचार गुणांच्या घटीपासून साडेसोळा गुणांच्या वाढीपर्यंत पसरलेला आहे. म्हणजे नवी पद्धती थोडी घातकही असू शकेल, फारच उपकारकही असू शकेल. सोळा मुलांवरून ते ठरत नाही. दुसऱ्यात पट्टा ०.१ ते ०.९ गुण एवढाच आहे. वाढ खरी असावी. पण ती एका गुणाच्याही खालीच आहे, हे जवळजवळ निश्चित. पहिल्या प्रयोगाचा निष्कर्ष ‘अनिर्णित’ असा आहे, ‘परिणाम नाही’ असा नव्हे. दुसऱ्याचा निष्कर्ष ‘परिणाम आहे, पण किरकोळ’ असा आहे.

येथे भरीव आणि अर्थपूर्ण यांतील भेदही स्पष्ट होतो. भरीव हे परिमाणाचे विशेषण आहे. किती, हे सांगितल्याखेरीज ते वापरू नये. अर्थपूर्ण हे परिणामाचे विशेषण आहे. त्या फरकाने कोणाच्या जीवनात काय बदलते, हे त्याला सांगावे लागते. दोन्ही नेहमी बरोबर जात नाहीत. वाचनाच्या गुणांत अर्धा टक्का किरकोळ. परंतु एखाद्या औषधाने बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण शेकडा अर्ध्याने उतरले, तर आकडा लहान असूनही अर्थ फार मोठा आहे. कोणता फरक अर्थपूर्ण समजावयाचा, हे संख्याशास्त्र सांगू शकत नाही. ते शिक्षकाने, वैद्याने, शेतकऱ्याने सांगावयाचे. आणि शक्य तर आकडे हाती येण्यापूर्वी सांगावयाचे. निकाल पाहिल्यानंतर ठरवलेली सीमा नेमकी निकालाला बेतलेली निघते.

कुंडल्यांच्या चाचणीलाही हेच लागू पडते. समजा, दोनशेऐवजी दहा हजार कुंडल्या तपासल्या असत्या आणि शेकडा ५१ उत्तरे बरोबर निघाली असती, तर तो फरक दोन प्रमाण विचलनांचा होऊन कसोटीला उतरला असता. तरीही शंभरातील एकोणपन्नास पालकांना चुकीचेच उत्तर मिळाले असते. असे ज्ञान संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय असले, तरी व्यवहारात अर्थपूर्ण म्हणता येत नाही.

जेथे पारिभाषिक शब्द लागूच पडत नाही

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. ८१,७०८ माणसांची, म्हणजे शेकडा ४.८ ची घट. त्याच दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे शेकडा १६ ने वाढली होती.

ही घट ‘लक्षणीय’ आहे काय? पारिभाषिक अर्थाने हा प्रश्नच अप्रस्तुत आहे. नमुना घेताना कोणती घरे हाती लागली, यामुळे जो योगायोग शिरतो, त्याचा विचार कसोटी करते. जनगणनेत नमुना नसतो, सर्वांची मोजणी असते. मोजणीत चुका राहू शकतात. परंतु त्यांचा शोध या कसोटीने लागत नाही. येथे साध्या शब्दांनीच काम भागते. राज्य वाढत असताना जिल्हा घटला, म्हणून घट उल्लेखनीय आहे. ऐंशी हजारांहून अधिक माणसे कमी झाली, म्हणून ती भरीव आहे. शाळांचा पट, शेतीला मिळणारे मनुष्यबळ आणि वस्तीच्या निकषावर ठरणाऱ्या सुविधा यांवर तिचा परिणाम होतो, म्हणून ती अर्थपूर्ण आहे. तिन्ही विशेषणांना आपापले कारण आहे आणि एकालाही कसोटीच्या आधाराची गरज नाही. शाळेचा संपूर्ण पट, दवाखान्यातील सर्व नोंदी, ग्रामपंचायतीची संपूर्ण करवसुली यांविषयीही हेच म्हणता येईल.

शब्दाचा इतिहास आणि मराठीतील अडचण

हा पारिभाषिक शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागला, तेव्हा इंग्रजीत त्याचा भाव ‘काहीतरी सुचवणारा’ असा होता. फरक योगायोगाखेरीज आणखी काही सुचवतो, एवढेच त्यात अभिप्रेत होते. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ मधील ग्रंथाने शंभरात पाच ही सीमा सोयीची म्हणून प्रचारात आणली. भारतात व्ही. जी. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी शेतीविषयक संशोधकांसाठी लिहिलेला ग्रंथ १९५४ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला आणि कृषी प्रयोगांत या पद्धती रुळल्या. सोयीची सीमा पुढे नियम बनली. २०१६ मध्ये अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने एका निवेदनाद्वारे स्पष्ट केले, की अशा कसोटीवरून परिणामाचे आकारमान किंवा महत्त्व कळत नाही. २०१९ मध्ये तिच्या नियतकालिकाच्या संपादकीय लेखात तर ‘संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिग्निफिकंट’ हा शब्दप्रयोगच सोडून द्यावा, असे सुचवण्यात आले.

मराठीत अडचण थोडी अधिक आहे. ‘लक्षणीय’ म्हटले, की वाचक मोठेपणा समजतो. ‘सार्थ’ म्हटले, की अर्थासहित किंवा योग्य असा बोध होतो. सार्थ ज्ञानेश्वरी हा शब्दप्रयोग घरोघरी परिचयाचा आहे. त्यामुळे ‘फरक सार्थ नाही’ हे वाक्य ‘फरक निरर्थक आहे’ असे वाचले जाते. दोन्ही शब्दांत मूळचा ‘सूचक’ हा भाव उरलेला नाही. नवा शब्द घडवण्याची वाट न पाहताही यातून मार्ग निघतो. पारिभाषिक अर्थ अभिप्रेत असेल, तेथे ‘संख्याशास्त्रीय दृष्ट्या’ हे शब्द कधीही गाळू नयेत. आणि त्याहून बरे म्हणजे ‘एवढा फरक केवळ योगायोगाने येणे विरळ’ असे सरळ लिहावे. इतरत्र ‘लक्षणीय’ हा शब्द टाळून उल्लेखनीय, भरीव, किरकोळ किंवा अर्थपूर्ण यांपैकी जो खरा असेल तो घ्यावा.

‘नव्या पद्धतीमुळे वाचनात लक्षणीय सुधारणा झाली’ या एका वाक्याऐवजी वरील उदाहरणात असे लिहिता येईल : ‘नव्या पद्धतीच्या मुलांची सरासरी अर्ध्या गुणाने अधिक आली. खरी वाढ ०.१ ते ०.९ गुणांच्या दरम्यान असावी. ती योगायोगाची नसली, तरी किरकोळ आहे. मुलांच्या वाचनात त्यामुळे जाणवण्याजोगा बदल झालेला नाही.’ वाक्ये चार झाली. परंतु ती वाचून सभेतील सदस्याला पुढील वर्षी या पद्धतीवर पैसे खर्च करावयाचे की नाही, हे ठरवता येते. पहिल्या वाक्यावरून ते ठरवता येत नव्हते.